‘काहीतरी सांग ना...’ म्हटल्यावर आपण काय सांगतो?

रात्रीचे साडेअकरा. होस्टेलच्या गच्चीवर दोघं बसलेत. सबमिशनचा विषय संपला, मेसच्या भाजीला नावं ठेवून झाली, क्रशचंही झालं. मग एक जण म्हणतो, ‘‘बोल ना काहीतरी.’’
‘‘काय बोलू?’’
‘‘काहीही. काहीतरी भारी सांग. मला माहीत नसलेलं.’’

आणि दुसऱ्याची दांडी गुल! एरवी तासन् तास बडबडणारा हा पोरगा एकदम गप्प. कारण प्रश्नात विषयच नाहीये. ‘पिक्चर कसा होता?’ विचारलं तर उत्तराची हद्द ठरलेली असते. ‘काहीतरी सांग’ म्हटलं की हद्दच नाही, म्हणजे सगळं जग खुलं आणि त्यातलं नेमकं काय उचलायचं ते आपण ठरवायचं. दोन सेकंदांत. समोरचा डोळे लावून बसलेला असताना.

या दोन सेकंदांत आपण काय करतो? बहुतेक वेळा डोक्यात सगळ्यात वर जे पडलेलं असतं, ते उचलतो. आणि सगळ्यात वर असतं ते शेवटचं बघितलेलं रील किंवा सकाळी फॅमिली ग्रुपवर आलेला फॉरवर्ड. ‘‘अरे, तुला माहितीये का...’’ अशी सुरुवात होते आणि समोरचा ‘काय सांगतोस!’ म्हणतो. मिशन सक्सेसफुल.

गडबड इथेच आहे. कारण ‘काय सांगतोस!’ ही दाद खऱ्या गोष्टीला जेवढी मिळते, तेवढीच खोट्यालाही मिळते. उलट खोट्याला जरा जास्तच. ते कसं, हे बघायला तुमच्या-माझ्या खिशातली एक वस्तू पुरेशी आहे. नोट.

चिपवाली नोट

८ नोव्हेंबर २०१६. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्याचं जाहीर केलं. आज कॉलेजात असलेले तुमच्यातले बरेच जण तेव्हा प्राथमिक शाळेत असतील. एटीएमच्या रांगेत आई-बाबांबरोबर उभं राहिल्याचं अंधूक आठवत असेल. त्याच दिवसांत दोन हजारची गुलाबी नोट आली आणि तिच्या पाठोपाठ, खरं तर तिच्या थोडं आधीच, एक माहिती घरोघरी पोहोचली. या नोटेत म्हणे ‘नॅनो जीपीएस चिप’ आहे. तिला बॅटरी लागत नाही. ती उपग्रहाचा सिग्नल परत फेकते आणि नोट कुठे आहे ते कळतं. जमिनीखाली १२० मीटरवर पुरून ठेवली तरी पत्ता लागतो!

हे फक्त व्हॉट्सॲपवर फिरलं असतं तर एक वेळ ठीक. पण काही टीव्ही चॅनेल्सनीही ते ग्राफिक्ससकट दाखवलं. रिझर्व्ह बँकेनं असं काही नसल्याचं सांगितलं. तोपर्यंत अनेकांनी नोटा उजेडात धरून, सोलून, चुरगाळून चिप शोधायला सुरुवात केली होती.

आता हसू येतं. पण ‘काहीतरी भारी सांग’ला हे उत्तर म्हणून बघा. अगदी परफेक्ट आहे! वस्तू सगळ्यांच्या ओळखीची, नुकतीच हातात आलेली. गोष्ट अजिबात अपेक्षित नसलेली. वर काळा पैसा पकडला जाणार याचं समाधान. आणि त्या १२० मीटरची तर कमालच आहे. ‘खूप खोल’ म्हटलं असतं तर शंका आली असती. ‘१२० मीटर’ म्हटल्यावर वाटतं, कोणीतरी मोजलंय. नेमका आकडा हा खोट्या माहितीचा सगळ्यात चांगला मेकअप असतो.

ही थाप पकडायला नोटांचा तज्ज्ञ असण्याची गरज नव्हती. जीपीएस चालतं कसं, एवढं माहीत असतं तरी पुरलं असतं. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत एकच काम करतात. ‘मी अमुक उपग्रह, मी इथे आहे, माझ्या घड्याळात आत्ता एवढे वाजलेत’ असा संदेश खाली पाठवत राहतात. तुमचा फोन चार-पाच उपग्रहांचे असे संदेश ऐकतो आणि आपण कुठे आहोत याचं गणित स्वतः मांडतो. म्हणजे उपग्रह तुम्हाला शोधत नसतो, त्याला तुम्ही कुठे आहात याचा पत्ताही नसतो. तुमचं लोकेशन मित्राला कळतं, कारण गणित झाल्यावर तुमचा फोन ते मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो. ऐकायला, गणित मांडायला आणि पाठवायला, तिन्हीला बॅटरी लागते. नोटेत ती कुठून येणार?

‘पण ती तर सिग्नल परत फेकते ना?’ असं कोणी म्हणेल. जीपीएसचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की मॉलच्या बेसमेंट पार्किंगमध्ये तुमच्या फोनलाही तो धड मिळत नाही. मॅप्सवरचा निळा ठिपका तिथे भरकटतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. मग १२० मीटर मातीखालच्या कागदी नोटेपर्यंत तो पोहोचणार, तिथून परत २० हजार किलोमीटर वर जाणार आणि उपग्रह तो ऐकणार? उपग्रह तर मुळात असं काही ऐकायला बसलेलाच नसतो.

या अफवेत खऱ्याचा एक तुकडा मात्र होता आणि म्हणून ती शिकलेल्यांनाही पटली. बॅटरीशिवाय चालणारी चिप खरंच असते. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग बघा, त्यात बॅटरी नसते. टोलनाक्यावरचं यंत्र रेडिओ लहरी सोडतं, त्यांच्याच ऊर्जेवर टॅगमधली चिप क्षणभर जागी होते आणि आपला नंबर कळवते. पण हे घडतं काही मीटरांवरून, समोर यंत्र असताना. त्यातला ‘बॅटरी नको’ एवढा भाग उचलला, ‘समोर यंत्र हवं’ हा भाग गाळला, त्याला उपग्रह जोडला आणि झाली नॅनो चिप तयार. निव्वळ थापा फार लांब जात नाहीत. अर्धं खरं असलेलं जातं.

खोटं जास्त का पळतं?

‘लोक मूर्ख आहेत’ हे यावरचं सोपं उत्तर, पण ते चूक आहे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या सोरूश वोसुघी, देब रॉय आणि सिनान अरल या तिघांचा एक अभ्यास आला. त्यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार गोष्टी घेतल्या. सहा तथ्यतपासणी संस्थांनी ज्यांची खरी-खोटी शहानिशा केलेली होती, अशाच. सुमारे ३० लाख लोकांनी त्या पसरवल्या होत्या. खोटी गोष्ट रीट्विट होण्याची शक्यता खऱ्या गोष्टीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्याला खोट्याच्या साधारण सहापट वेळ लागला.

तुम्हाला वाटेल, हे बॉट्सचं काम असणार. संशोधकांनाही ती शंका होती. त्यांनी बॉट्स बाजूला काढून पुन्हा हिशोब केला, तरी निष्कर्ष तोच आला. खोटं पळवत होती ती आपल्यासारखी माणसंच.

मग कारण काय? त्यांनी तपासलं, की एखाद्या माणसानं आधीच्या ६० दिवसांत जे काही बघितलं होतं, त्याहून ही नवी गोष्ट किती वेगळी आहे. खोट्या गोष्टी जास्त वेगळ्या, जास्त नव्या निघाल्या. त्यांच्यावरच्या प्रतिक्रियांमध्ये आश्चर्य आणि किळस जास्त होती. खऱ्या बातम्यांवर दुःख, आनंद, विश्वास अशा भावना जास्त दिसल्या.

विचार केला तर हे साहजिक आहे. खऱ्या गोष्टीला घडलेल्या घटनेची वेसण असते. खोटी गोष्ट रचणाऱ्याला कसलीच वेसण नसते, तो ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘बापरे!’ निघेपर्यंत तिला हवी तशी वळवू शकतो. त्यामुळे ‘मला सरप्राइज कर’ या एकाच परीक्षेत खऱ्याला आणि खोट्याला शेजारी बसवलं, तर खोटं पहिलं येणार. ते कॉपी करूनच बसलेलं असतं!

या अभ्यासाच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. तो एका प्लॅटफॉर्मचा आहे आणि ज्या गोष्टींची तपासणी झाली तेवढ्यांचाच आहे. तुमच्या फॅमिली ग्रुपवर नेमकं काय घडतं हे तो सांगत नाही. पण ‘मला आश्चर्य वाटलं’ आणि ‘हे खरं आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी असून आपल्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते, एवढं त्यातून नक्की कळतं.

त्याच नोटेवरचं खरं सरप्राइज

मग काय, ‘काहीतरी भारी सांग’ म्हटल्यावर रटाळ बोलायचं? अजिबात नाही. गंमत म्हणजे खरं सरप्राइज त्याच नोटेवर छापलेलं आहे आणि आपण ते रोज वडापाववाल्याच्या हातात देतो.

आपल्या गच्चीवरच्या त्या दोघांकडे परत जाऊ. दुसरा खिशातून पाचशेची नोट काढतो. (महिनाअखेर असेल तर दहाचीही चालेल.) आणि विचारतो, ‘‘या नोटेवर किती भाषा आहेत?’’

पहिला म्हणतो, ‘‘बावीस. राज्यघटनेत बावीस आहेत ना.’’

‘‘मोज.’’

नोटेच्या मागच्या बाजूला एक उभी पट्टी असते. तिच्यात एकाखाली एक अशा ओळींत तीच रक्कम वेगवेगळ्या भाषांत लिहिलेली आहे. मोजल्या तर १५ भरतात. हिंदी आणि इंग्रजी त्या पट्टीत नाहीत, त्या नोटेवर इतरत्र मोठ्या अक्षरांत आहेत. म्हणजे एकूण १७. बावीस नाहीत!

‘‘आता मराठी शोध.’’ इथे मजा येते. देवनागरीतल्या ओळी एकाहून जास्त आहेत. कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत. वाचल्याशिवाय आपली भाषा सापडत नाही. ती आठवी आहे, म्हणजे पंधरांच्या बरोबर मधोमध. वरून सात, खालून सात. कोणी मराठीला मुद्दाम केंद्रस्थानी बसवलंय का? नाही. भाषांची इंग्रजी नावं अकारविल्हे, म्हणजे ए, बी, सी, डीच्या क्रमानं लावली आहेत. आसामीपासून सुरुवात आणि उर्दूवर शेवट. त्या क्रमात मराठी मध्ये येते, इतकंच. (बघा, इथेही ‘मराठीला नोटेवर मध्यवर्ती मान’ असा फॉरवर्ड सहज बनला असता. आठवा क्रमांक खरा, मान खोटा.)

आता पुढचा प्रश्न आपोआप येतो. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा, नोटेवर त्यातल्या हिंदी धरून १६. मग कुठल्या सहा नाहीत? बोडो, डोगरी, मैथिली, संथाळी, मणिपुरी आणि सिंधी. पहिल्या चार अनुसूचीत २००३ च्या घटनादुरुस्तीनं आल्या. ‘उशिरा आल्या म्हणून नसतील’ असं म्हणावं, तर कोकणी, नेपाळी आणि मणिपुरी या तिन्ही १९९२ मध्ये एकाच घटनादुरुस्तीनं आल्या. त्यातल्या कोकणी आणि नेपाळी नोटेवर आहेत, मणिपुरी नाही. आणि सिंधी तर १९६७ पासून अनुसूचीत आहे, तरी तीही नाही.

आता ग्रुपमध्ये उल्हासनगरची एखादी सिंधी मैत्रीण असेल, तर तिला हे सांगून बघा. नोट हातात घेऊन ती काय म्हणते ते ऐका. राष्ट्रगीतात ‘सिंध’ आहे आणि नोटेवर सिंधी नाही, हे तिच्याच लक्षात येईल. आणि गप्पा तिथून पुढे कुठेही जाऊ शकतात. फाळणी, लिपी, घरात आजी कुठली भाषा बोलते, आपल्याला ती वाचता येते का...

दोन्ही सरप्राइजेस शेजारी ठेवा. चिपची गोष्ट ऐकल्यावर करण्यासारखं एकच होतं, पुढे ढकलणं. पडताळून बघायची सोय नव्हती, कारण चिप ‘नॅनो’ होती, दिसणारच नव्हती. भाषांची गोष्ट ऐकल्यावर पहिली हालचाल होते ती पाकिटाकडे. ऐकणारा स्वतः मोजतो, चुकतो, पुन्हा मोजतो, प्रश्न विचारतो. पहिल्या गोष्टीत तो नुसता पोस्टमन होता. दुसरीत तो तपासनीस होतो.

सरप्राइज करा, पण नियमात

अशी विषय नसलेली, पण खरी आश्चर्यं रोज सांगण्याचं काम एक ठिकाण नेमानं करतंय. इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर ‘डिड यू नो’ नावाचं सदर २००४ पासून चालू आहे. ‘तुम्हाला माहीत आहे का...’ अशी सुरुवात आणि पुढे एकेक वाक्य. वाचकानं कुठलाही विषय मागितलेला नसतो. तरी तो थांबतो आणि क्लिक करतो.

त्या एका वाक्यामागे किती खटपट असते ते बघा. वाक्य २०० अक्षरांच्या आत बसलं पाहिजे. त्यातली गोष्ट मूळ लेखात असलीच पाहिजे आणि तिथे तिला विश्वासार्ह संदर्भ हवा. ज्यानं लिहिलं त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी ते तपासलेलं असलं पाहिजे. आणि त्या विषयाची खास माहिती नसलेल्यालाही ते रंजक वाटलं पाहिजे. १ एप्रिलला तर हे लोक वाचकाला चक्क गंडवतात, पण खोटं न बोलता. वाक्य असं रचतात की भलताच अर्थ डोक्यात यावा आणि लेख उघडल्यावर कळावं, की अरे, अक्षरन् अक्षर खरं होतं! धक्का द्यायला पूर्ण मुभा, थापेला बंदी.

तिथेही चुका होतात. एवढ्या चाळण्या लावूनही एखादं वाक्य चुकीचं निघतं आणि काढावं लागतं. मग एकही चाळणी नसलेल्या तीस सेकंदांच्या रीलचं काय होत असेल, याचा अंदाज करा.

गच्चीवर बसून कोणी संदर्भ जोडत नाही, मान्य. पण यातलं एक सहज घेता येतं. सांगण्याआधी मनात विचारायचं, ‘समोरच्यानं ‘कशावरून?’ म्हटलं, तर मी काय दाखवणार?’ नोट दाखवता येत असेल, गणित मांडता येत असेल, निदान कुठे बघायचं ते सांगता येत असेल, तर बिनधास्त सांगा. ‘रीलमध्ये बघितलं’ एवढंच उत्तर असेल, तर तेही सांगा, पण प्रश्न म्हणून. ‘‘नोटेत चिप असते म्हणे, खरं असेल का रे?’’ या वाक्यात सरप्राइज तितकंच आहे. फक्त त्यातून अफवा पुढे सरकत नाही, ती दोघांच्या मध्ये तपासणीला येते.

आणखी एक. सरप्राइज हे गोष्टीत नसतं, ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतं. नोटेवरच्या भाषांची गोष्ट एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या रूममेटला सांगाल, तर तो जांभई देत सहाही भाषांची नावं म्हणून दाखवेल. त्याला दुसरं काही लागेल. फास्टॅगला बॅटरी नसते हे मेकॅनिकलवाल्याला नवं असेल, इलेक्ट्रॉनिक्सवालीला नसेल. म्हणून पाठ केलेले ‘शंभर अमेझिंग फॅक्ट्स’ इथे कामाला येत नाहीत. ‘काहीतरी सांग’ म्हणणाऱ्यानं विषय दिलेला नसतो हे खरं, पण तो स्वतः तर समोर बसलेला असतो. त्याला काय माहीत आहे, हाच विषय.

दोन हजारची ती गुलाबी नोट मे २०२३ मध्ये चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं. लोकांनी बँकेत जाऊन नोटा बदलून घेतल्या. चिपची गोष्ट मात्र बदलून द्यायला कोणी रांग लावली नाही. ज्यांनी ती सांगितली होती, त्यातल्या कितींनी ‘अरे, तेव्हा चुकीचं सांगितलं होतं’ असा मेसेज टाकला? तुमच्या घरात त्या वेळी ती कोणी सांगितली होती, आज रात्री जेवताना विचारून बघा. ‘काहीतरी सांग ना’ला यापेक्षा भारी सुरुवात मिळणार नाही.